उजवीकडे दुखतंय: अपेंडिक्स की ओव्हरी?

मॅडम, मी २२ वर्षांची आहे. गाव लातूरकडचं, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी सकाळी बेंबीपाशी दुखायला लागलं. वाटलं, मेसच्या जेवणाने ॲसिडिटी झाली. दिवसभर खावंसंच वाटलं नाही. संध्याकाळी एक उलटी झाली आणि रात्री दुखणं सरकून उजवीकडे खाली आलं. ताप ९९.८. बुधवारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा दुखलं, पण हात पटकन सोडला तेव्हा जास्त दुखलं. पांढऱ्या पेशी १३,२००. सोनोग्राफीत उजव्या ओव्हरीवर ४.२ सेंटिमीटरची रक्त साठलेली गाठ आणि ‘अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड’ असं आलं. पाळीचा एकविसावा दिवस होता. सलाइन आणि अँटिबायोटिक दिलं, शनिवारपर्यंत दुखणं गेलं. पाळीही नंतर वेळेवर आली. आता सर्जन म्हणतात अपेंडिक्स काढून टाका. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात हे गाठीचं दुखणं आहे, तीन महिने हार्मोनच्या गोळ्या घ्या. आई म्हणते लग्नाआधी पोटाला चिरा नको. मी कुणाचं ऐकू? आणि रात्री दोन वाजता रूमवर पुन्हा असं झालं तर काय समजायचं?

* * *

तुझं पत्र वाचताना सगळ्यात आधी एक गोष्ट जाणवली. कुठल्या वारी, कुठल्या वेळी, कशाच्या मागून काय झालं, हे तू ओळीने लिहिलं आहेस. माझ्यासमोर येणाऱ्या दहा जणींपैकी नऊ जणी फक्त बोट ठेवून ‘इथं दुखतं’ म्हणतात. उजवीकडे खाली अपेंडिक्स आणि उजवी ओव्हरी एकमेकींच्या शेजारी नांदतात, त्यामुळे बोट ठेवलेल्या जागेवरून फारसं काही ठरत नाही. दुखणं कसं सुरू झालं आणि मग काय काय झालं, यावरून बरंच ठरतं.

अपेंडिक्सची सुरुवात बहुतेकदा तुझ्यासारखीच होते. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी लोंबणारी करंगळीएवढी नळी, तिचं तोंड बंद होतं आणि ती आतून फुगायला लागते. या नळीच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या भागात पोचतात, तिथेच बेंबीभोवतीच्या भागाच्याही पोचतात. म्हणून मेंदूला वाटतं, बेंबीपाशी दुखतंय. हे दुखणं मंद आणि बोट ठेवून दाखवता न येणारं असतं. घरोघरी याला वायगोळा म्हणतात, नाहीतर बेंबी सरकली म्हणून चोळत बसतात. जेवण नकोसं होतं, मळमळतं, एखादी उलटी होते. काही तासांनी, कधी दिवसभराने, सूज नळीच्या बाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते. त्या अस्तराला जागा नेमकी कळते, त्यामुळे दुखणं उजवीकडे खाली येऊन बसतं. आता ते बोटाने दाखवता येतं आणि हलल्यावर वाढतं. बारीक ताप त्यानंतर येतो. दुखणं आधी आणि उलटी मागून, हा क्रम मी नेहमी विचारून घेते.

ओव्हरीला पीळ पडतो तेव्हा गोष्ट वेगळी घडते. ओव्हरी दोन बाजूंना पट्ट्यांनी टांगलेली असते आणि एका पट्टीतून तिच्या मुख्य रक्तवाहिन्या येतात. ओव्हरीवर पाच सेंटिमीटरच्या पुढची गाठ असेल, तर तिच्या वजनाने ओव्हरी झोपाळ्यासारखी फिरू शकते. मग दुखणं मिनिटांत सुरू होतं. पोरी सांगतात, ‘वाकून बादली उचलली आणि लागलं’, किंवा ‘कूस बदलली आणि जाग आली’. उलटी दुखण्यासोबतच होते, एकापाठोपाठ दोन-तीनही होतात. पीळ थोडा सैल झाला की कळ ओसरते, पुन्हा आवळला की परत येते. अपेंडिक्सची पेशंट गुडघा पोटाशी घेऊन निपचित पडते, कारण हललं की दुखतं. पीळ पडलेली बहुधा तळमळत असते, कॉटवर या कडेवरून त्या कडेवर. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याच्या वळणाने जागा अडवलेली असल्यामुळे पीळ उजव्या ओव्हरीला जास्त वेळा पडतो. म्हणजे नेमकी तीच बाजू, जिथे सगळ्यांना आधी अपेंडिक्स आठवतं.

तिसरा प्रकार गाठ फुटण्याचा किंवा गाठीच्या आत रक्त उतरण्याचा. पाळीच्या मध्यावर बीज बाहेर पडतं आणि मागे राहिलेली पिशवी पुढचे दोन आठवडे हार्मोन बनवते. तिच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, कधी आतल्या आत रक्त सुटतं. हेही दुखणं एकदम येतं, पण पहिले काही तास सगळ्यात वाईट असतात आणि मग ते उतरणीला लागतं. एक-दोन दिवसांत बाई चालायला-फिरायला लागते. नुसतं बीज सुटतानाही काहींना दर महिन्याला काही तास दुखतं. त्याला उपचार लागत नाही, फक्त तारीख लिहून ठेवायची.

आता हे तुझ्या मंगळवारला लावून बघू. सुरुवात बेंबीपाशी आणि हळूहळू. जेवण गेलं. दुखण्यानंतर एकच उलटी. बारा-चौदा तासांनी दुखणं उजवीकडे सरकलं. बारीक ताप, पेशी वाढलेल्या, हात सोडल्यावर कळ. एवढ्या गोष्टी एका ओळीत आल्या की माझं मत अपेंडिक्सकडे झुकतं, आणि चांगलंच झुकतं.

मग ती ४.२ सेंटिमीटरची गाठ? एकविसाव्या दिवशी ओव्हरीवर एखादी पिशवी दिसणं हे तुझ्या वयात नेहमीचंच आहे. पोट दुखत नसलेल्या दहा मुलींची त्या दिवशी सोनोग्राफी केली, तर काहींच्या रिपोर्टात असं काहीतरी निघेलच. तुझी पिशवी नेहमीपेक्षा थोडी मोठी होती आणि तिच्यात रक्त होतं, त्यामुळे ती थोडीफार दुखली असेलही. पण गाठीत रक्त उतरताना दुखणं बेंबीपासून निघून रात्रीपर्यंत सावकाश खाली सरकत नाही. गाठ त्या दिवशी तिथे होती एवढं सोनोग्राफीने सांगितलं. ती दुखत होती असं सोनोग्राफीने सांगितलेलं नाही, ते वाचणाऱ्याने जोडलं.

याच्या उलट चूक दुसऱ्या ओळीत होते. ‘अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड’ म्हणजे अपेंडिक्स दिसलं नाही. ते चांगलं आहे असा त्याचा अर्थ नाही. सोनोग्राफी करणारे डॉक्टर यंत्राच्या टोकाने पोट हळूहळू दाबत आतड्यातला वायू बाजूला सारतात. सुजलेलं अपेंडिक्स दाबूनही चपटं होत नाही आणि त्याची जाडी सहा मिलिमीटरच्या वर भरते. पण अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे वळलेलं असेल, वायू जास्त असेल किंवा पेशंट हात लावू देत नसेल, तर ते सापडत नाही. ओव्हरी मात्र भरलेल्या लघवीच्या पिशवीतून सहज दिसते. परिणाम असा होतो की जे दिसलं त्याच्यावर आळ येतो आणि जे दिसलं नाही ते निर्दोष सुटतं. तुझ्या दोन डॉक्टरांचा मतभेद मला यातूनच आलेला दिसतो. दोघांनीही खोटं काही सांगितलेलं नाही.

अँटिबायोटिकने बरं वाटलं म्हणजे अपेंडिक्सच होतं, हा युक्तिवाद कुणी केला तर तोही धरू नकोस. बुधवार ते शनिवार एवढ्या वेळात गाठीतलं रक्तही आपोआप जिरायला लागतं आणि दुखणं थांबतं.

इथे माझीच एक फसगत सांगते, कारण ती तुझ्या रात्री दोन वाजताच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, सर्जरीचं शिक्षण संपवून मी एका लहान गावातल्या रुग्णालयात काम करत होते. एकोणीस वर्षांची मुलगी सकाळी सातला आली. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास कबड्डीच्या सरावात पडली, उठताना पोटात कळ आली आणि दहा मिनिटांत दोन उलट्या झाल्या. रात्री आठला बरं वाटलं, ती जेवून झोपलीसुद्धा. एकला पुन्हा कळ. सकाळी माझ्यासमोर आली तेव्हा पोट उजवीकडे दुखत होतं, पेशी १२,४०० होत्या. सोनोग्राफीत उजव्या ओव्हरीवर सात सेंटिमीटरची गाठ होती आणि डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायच्या तपासणीत, ओव्हरीत रक्त खेळताना दिसत होतं.

मी विचार केला, रक्त पोचतंय म्हणजे पीळ नाही. पीळ नाही म्हणजे गाठ निमित्तमात्र, हे अपेंडिक्स असणार. सलाइन लावलं, उपाशी ठेवलं, ‘दुपारपर्यंत बघू’ म्हटलं. दुपारी एक ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ बाई वॉर्डात आल्या. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी मुलीच्या आईला विचारलं, ‘हिचं दुखणं मधे मधे पूर्ण थांबतं का हो?’ आई म्हणाली, ‘हो, मग ही गप झोपते आणि एकदम ओरडून उठते.’ बाई माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, ‘ऑपरेशन थिएटर मोकळं आहे का बघ.’

दुर्बीण आत घातली तर अपेंडिक्स पांढरं, सडपातळ, काहीही न झालेलं. त्याच्या शेजारी पिकल्या जांभळाच्या रंगाची ओव्हरी, तिला दोन पूर्ण पीळ. बाईंनी पीळ उलगडला आणि आम्ही थांबलो. काही मिनिटांनी जांभळ्यात थोडा लाल रंग उतरला. गाठ सोडवून काढली. ती डर्मॉइड होती, म्हणजे आत चरबी आणि केसांचा पुंजका. ओव्हरी जागेवरच ठेवली. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली तेव्हा त्याच ओव्हरीत बीजाच्या नव्या पिशव्या तयार होताना दिसल्या. काळी पडलेली ओव्हरी सरसकट काढून टाकायची पद्धत पूर्वी होती. आता पीळ सोडवून ती ठेवतात, कारण दिसायला मेलेली ओव्हरी बऱ्याचदा सावरते.

माझी चूक डॉप्लर वाचण्यात झाली. ओव्हरीला दोन वाटांनी रक्त मिळतं, एक थेट मोठ्या धमनीकडून आणि दुसरी गर्भाशयाच्या बाजूने. शिवाय पीळ पडल्यावर आधी मऊ शिरा दबतात, जाड धमन्या बराच वेळ चालू राहतात. रक्त आत येत असतं पण बाहेर जात नसतं, म्हणून ओव्हरी फुगते आणि जांभळी होते. यंत्र मात्र आत येणारं रक्त दाखवून आपल्याला निश्चिंत करतं. रक्त खेळत नसेल तर पिळाचा संशय पक्का होतो, पण खेळताना दिसलं म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही. त्या दिवशी मी सकाळी सात ते दुपारपर्यंतचे तास घालवले. मुलीचं नशीब चांगलं म्हणून निभावलं.

त्यामुळे रात्री दोनला काय समजायचं, याचं उत्तर असं. दुखणं एकदम आलं, सोबत उलट्या आहेत, सरळ उभं राहवत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. मैत्रिणीला उठव आणि १०८ ला फोन कर किंवा रिक्षा पकड. कळ मध्येच थांबली तरी निघायचं, कारण थांबणं हा पिळाचाच एक चाळा आहे. दुखणं सावकाश आलं आहे, बेंबीपाशी आहे, जेवण नको झालं आहे, तर रात्र काढता येते. पण सकाळी ते उजवीकडे सरकलेलं असेल किंवा कमी झालं नसेल, तर दुपारच्या लेक्चरचा विचार न करता दवाखाना गाठ. अपेंडिक्स लगेच फुटत नाही, पण दीड दिवसानंतर तो धोका वाढत जातो. फुटतं तेव्हा एक फसवा क्षण येतो. आतला ताण सुटल्यामुळे दुखणं अचानक कमी होतं आणि माणूस सुटलो म्हणतो. काही तासांत सगळं पोट दुखायला लागतं, ताप चढतो, पोट लाकडासारखं कडक होतं.

जाताना रिक्षात एक गोष्ट लक्षात ठेव. गतिरोधकावरून रिक्षा उडाली तेव्हा पोटात कळ आली का? हा प्रश्न आम्ही सर्जन मंडळी पूर्वापार विचारतो, आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी तो अभ्यास म्हणून तपासलाही. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात अपेंडिक्स निघालेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांना गतिरोधकावर दुखलं होतं. पण अपेंडिक्स नसलेल्या पुष्कळांनाही दुखलं होतं, ओव्हरीच्या त्रासातही दुखतं. म्हणून याचा उपयोग उलट्या बाजूने आहे. पेठेतले सगळे खड्डे ओलांडूनही काही जाणवलं नसेल, तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते.

निघण्याआधी काही खाऊ नकोस, म्हणजे भूल द्यायची वेळ आली तर अडत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतलीस तर चालेल. वेदनाशामक दिलं की निदान हुकतं अशी भीती पूर्वी आम्हालाही शिकवली जायची. पण पुढे अभ्यासांत दिसलं की दुखणं कमी करूनही तपासणी नीट करता येते. फक्त काय घेतलं आणि किती वाजता, ते सांगायचं. माझा राग आहे तो रूमच्या ड्रॉवरमधल्या उरलेल्या अँटिबायोटिकवर. दोन गोळ्यांनी अपेंडिक्स अर्धवट दबतं, लक्षणं पुसट होतात, आणि चौथ्या दिवशी मुलगी पोटात पू घेऊन येते. एरंडेलही नको आणि बेंबी बसवणारे हातही नकोत. पाळीच्या दुखण्याची गोळी पाळीत ठीक आहे. पाळी नसताना एका गोळीने फरक पडला नाही, तर दुसरी घेऊन झोपायचं नाही. गरम पाण्याच्या पिशवीचा तोटा एवढाच की तिने बरं वाटतं आणि आपण वाट बघत राहतो.

दवाखान्यात लघवीची गरोदरपणाची तपासणी करतील. तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणजे मागच्या वेळी ती झाली नसावी, आणि हे मला खटकलं. मूल होण्याच्या वयातल्या कुठल्याही मुलीच्या ओटीपोटात दुखत असेल तर ही तपासणी व्हायलाच हवी. लग्न झालंय का, हे विचारून ती करायची की नाही हे ठरवायचं नसतं. गर्भ नळीत राहिला आणि नळी फुटली तर पोटात रक्त साचतं, चक्कर येते, खांद्याच्या टोकाशी दुखतं, आणि काही तासांत जिवावर बेततं. त्यामुळे तपासणी करायला सांगितली तर त्यात तुझ्यावर किंवा आईवर संशय घेतला असं समजू नका. आणि सांगण्यासारखं काही असेल, तर ‘मला डॉक्टरांशी एकटीशी बोलायचंय’ एवढं म्हणायचं. तू सज्ञान आहेस. तू जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचा अधिकार डॉक्टरला नाही.

सोनोग्राफी झाली की डॉक्टरांना एक प्रश्न विचार. ‘ओव्हरीला पीळ नाही, हे कशावरून म्हणता?’ उत्तर नुसतं ‘डॉप्लर नॉर्मल आहे’ असं आलं, तर ओव्हरीचा आकार किती आहे, ती सुजून दुसरीपेक्षा मोठी झाली आहे का, हेही विचारून घे. दोघांमधलं कुठलंच ठरत नसेल आणि दुखणं कमी होत नसेल, तर पुढची पायरी सिटी स्कॅनची. तरुण मुलीला किरण कमी द्यावेत म्हणून आम्ही सोनोग्राफी आधी करतो, पण अडल्यावर एक सिटी टाळण्यात शहाणपण नाही. पिळाचा दाट संशय असेल तर मात्र सिटीच्या रांगेत तास घालवण्यापेक्षा थेट दुर्बीण घालतात. त्यात दोन्ही अवयव डोळ्यांनी दिसतात आणि जो दोषी त्याच्यावर तिथल्या तिथे इलाज होतो. म्हणून शक्य असेल तर सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघेही मिळतील अशा ठिकाणी जा. असं कुठलं रुग्णालय जवळ आहे ते आजच बघून ठेव.

आता तुझ्या दोन सल्ल्यांबद्दल. मी तुझं पोट तपासलेलं नाही, त्यामुळे हे तुझ्या लिहिण्यावरून म्हणते आहे.

हार्मोनच्या गोळ्या मी देणार नाही. बीज सुटल्यानंतरच्या अशा गाठी आपोआप जिरतात. गोळ्यांनी त्या लवकर जातात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पुढच्या पाळीच्या पाचव्या ते सातव्या दिवसात एकदा सोनोग्राफी कर. पाळी संपतानाच करायची, कारण तेव्हा नवी पिशवी झालेली नसते आणि जुनी-नवी असा घोळ होत नाही. गाठ गेली असेल तर तो विषय मिटला. तेवढीच किंवा वाढलेली असेल, किंवा आत चरबी-केसांसारखं काही दिसलं, तर ती वेगळ्या जातीची आहे आणि तिच्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी शांतपणे बोलायचं. पिळाचा धोका त्याच गाठींना जास्त.

त्याच दिवशी सोनोग्राफीच्या डॉक्टरांना अपेंडिक्स मुद्दाम शोधायला सांग. ते जाड दिसलं किंवा आत खडा दिसला, तर सर्जनचं ऐक आणि परीक्षेच्या तारखा बघून ऑपरेशन ठरव. काहीच दिसलं नाही आणि तुला त्रास नाही, तर आज घाईने काढावं असं मी म्हणणार नाही. साधं, न फुटलेलं अपेंडिक्स अँटिबायोटिकने शमू शकतं हे आता माहीत आहे. फिनलंडमध्ये अशा पेशंटांचा पाठपुरावा केला गेला. सिटीवर निदान पक्कं करून अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी साधारण २७ टक्के लोकांचं अपेंडिक्स वर्षभरात काढावं लागलं आणि पाच वर्षांत हा आकडा ३९ टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांना ऑपरेशन लागलं नाही, पण परत येण्याची शक्यता नगण्यही नाही. तुझं तर निदानच पक्कं झालेलं नाही. म्हणून दुसऱ्यांदा दुखलं तर अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करू देऊ नकोस. दुखत असतानाच तपासणी करून घे, कारण सुजलेलं अपेंडिक्स त्या वेळी सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ते सापडलं तर काढून टाक.

आईला सांग, दुर्बिणीने अपेंडिक्स काढताना बेंबीत एक आणि खाली दोन अशी पाच ते दहा मिलिमीटरची तीन छिद्रं असतात. वर्षभराने ती शोधावी लागतात. अपेंडिक्स काढल्याने मूल होण्यात अडचण येत नाही. ते पोटात फुटून पू ओटीपोटात पसरला तर नळ्या चिकटण्याची भीती असते, ती खरी काळजी.

आणि जुना सोनोग्राफीचा रिपोर्ट, पेशींचा रिपोर्ट आणि पाळीच्या तारखा फोनमध्ये फोटो काढून ठेव. रात्री दोनला कुठल्याही ड्युटी डॉक्टरला ‘आधी ४.२ सेंटिमीटरची गाठ होती, अपेंडिक्स दिसलं नव्हतं’ हे कळलं तर त्याचे पहिले दोन तास वाचतील.

डॉक्टरताई